खड्ड्यात टायर गेला, तक्रार कुठे केलीत? (अनुभव धागा)

अंजनवेल: परवा पावसात खड्डा पाण्याने भरलेला होता, दिसलाच नाही. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला फुगा आला, अलॉय वाकलं. टायरवाला म्हणाला, आतले दोरे तुटलेत, पंक्चरसारखं हे दुरुस्त होत नाही, टायरच बदला. रस्ता ज्यांचा, त्यांना पत्र लिहायचंय. कुणी लिहिलंय का? काय झालं?

मैलकुली: सा.बां. विभागात नोकरी झाली माझी, अशी पत्रं टेबलावर यायची. 'अमुक गावाजवळ मोठा खड्डा' एवढंच लिहिलेलं पत्र आमच्याकडून तिसऱ्याच कार्यालयात जायचं. आधी किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं तर राज्य मार्ग. त्यावरचा आकडा विषयातच टाका: 'राज्य मार्ग, कि.मी. ४२/६००, डावी बाजू, खड्डा बुजवणे व वाहनाची नुकसानभरपाई'. खड्ड्यात टेप धरून फोटो काढा, दगडही त्यात येऊ द्या. जुना टायर टाकू नका. पत्र उपअभियंत्यांना, प्रत कार्यकारी अभियंत्यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्याच.

खडीसाखर: आता उच्च न्यायालयानेच सांगितलंय ना, खड्ड्याची भरपाई द्यायची म्हणून? मग टायरचे पैसे मिळणारच की!

मैलकुली: ताई, ऑक्टोबर २०२५ चा तो आदेश मृत्यू आणि जखमींसाठी आहे. मृत्यूला ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. गाडीच्या नुकसानीचा त्यात आधार नाही. म्हणून पत्रात दोन मागण्या वेगळ्या लिहा. खड्ड्याची मागणी भरपाईच्या वादात अडकायला नको.

दुचाकीवाला: माझ्या स्कूटरच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी? खड्ड्यातून जाताना फार दणके बसतात.

वाटसरू_सांगली: हवेचा धागा वेगळा आहे भाऊ. माझा अनुभव: पत्रानंतर खड्डा बुजला, पण मुरूम आणि खडी टाकून. पुढच्या सरीत सगळं वाहून गेलं. दुसऱ्या पत्रात 'खड्डा चौकोनी कापून, साफ करून डांबरमिश्रित खडीने भरावा' असं लिहिलं. सोबत माहिती अधिकारात (१० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून) विचारलं की या कामाचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. संपलेला नव्हता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने व्हायची होती! मग रोलरसकट माणसं आली. रिमच्या पैशांबद्दल मात्र एक ओळही उत्तर नाही.

अंजनवेल: विम्यातून काही?

वाटसरू_सांगली: नुसता टायर गेला तर साध्या पॉलिसीत काही नाही. त्याच दणक्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे. पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, तो हिशेब आधी करा.

अंजनवेल: दगड बघून आलो. डोकं हिरवंच आहे, पण खड्डा नेमका नगरपरिषदेच्या हद्दीच्या पाटीखाली. दोन्हीकडे पत्र देऊ का?

मैलकुली: द्या, आणि दोघांच्या पत्रात एकमेकांचा उल्लेख करा. हद्दीतला तो तुकडा हस्तांतरित झालाय का, हे कागद बघितल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.