बकेटच्या आतला फरक न बघताही उत्तर बरोबर कसं?

प्रश्न असा: दिलेले n पूर्णांक चढत्या क्रमाने लावले तर शेजारच्या दोन आकड्यांतला सगळ्यात मोठा फरक किती? क्रम न लावता तो काढायला आकडे समान रुंदीच्या पट्ट्यांत, म्हणजे बकेटमध्ये टाकतो, आणि एका बकेटची कमाल ते पुढच्या बकेटचं किमान एवढेच फरक बघतो. त्यावर येणारी शंका:

> "एका बकेटमधले आपण फक्त किमान आणि कमाल ठेवतो. मधल्या आकड्यांतच सगळ्यात मोठा फरक दडला असेल तर?"

दडूच शकत नाही. २, ३१, ५, ४७, ४४, ८ हे सहा आकडे घ्या. २ ते ४७ हे ४५ चं अंतर पाच फरकांत वाटलं जातं. सगळेच फरक ९ पेक्षा लहान असते तर बेरीज ४५ झालीच नसती, म्हणजे एक तरी फरक ९ किंवा जास्त आहे. म्हणून बकेटची रुंदी ९ घ्यायची: २–१०, ११–१९, असं पुढे. एकाच बकेटमधले दोन आकडे फार तर ८ ने लांब, त्यामुळे ते शर्यतीतच नाहीत.

आता पहिल्या बकेटची कमाल ८. पुढच्या दोन रिकाम्या. मग ३१. फरक २३, हेच उत्तर. (४४ आणि ४७ वेगळ्या बकेटमध्ये पडतात, पण तिथे फक्त ३.) रिकामी बकेट आली की मागची कमाल तशीच धरून ठेवायची, माझा पहिला कोड इथेच फसला होता.

दुसरी खोच पूर्णांक भागाकाराची. ५, ५, ५, ६ दिलेत तर १ ला ३ ने भागून रुंदी शून्य येते आणि बकेटचा क्रमांक काढताना प्रोग्राम कोसळतो.

```
w = max(1, (hi - lo) // (n - 1))
count = (hi - lo) // w + 1
```

भागाकार खाली उतरल्याने बकेट n पेक्षा जास्त होऊ शकतात, म्हणून `count` वेगळा काढलाय. तरी त्या 2n च्या आतच राहतात. n दोनपेक्षा कमी असेल तर आधीच ० परत करा.