लेकराच्या तापात ॲस्पिरिन का नको, मग द्यावं काय? अनुभव लिहा

गोदाकाठ, नांदेड
पावसाळा लागला की आमच्या गल्लीत घरोघर लेकरं तापानं फणफणतात. शेजारच्या आजी डोकं दुखलं की पाण्यात विरघळणारी गोळी घेतात. परवा त्यातलीच अर्धी नातवाला द्यायला निघाल्या होत्या. तुमच्याकडं काय देतात, डॉक्टरांनी काय सांगितलं, लिहा.

मेडिकलवाला, अंबाजोगाई
त्या गोळीत बहुतेक ॲस्पिरिन असतं. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात लेकराला ते दिलं, तर क्वचित रेय सिंड्रोम होतो. यकृत बिघडतं, मेंदूला सूज येते. ताप उतरत आलेला असतो आणि अचानक उलट्यांवर उलट्या सुरू होतात, मग सुस्ती, बरळणं. असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. १९८० च्या दशकात अमेरिकेत पालकांना सावध केल्यावर हा आजार फार कमी झाला. नेमका का होतो, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. सोळा वर्षांखालच्यांसाठी मी ती गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही.

काका, लातूर
मला अँजिओप्लास्टीनंतर रोज ॲस्पिरिन आहे. बंद करू का मग?

मेडिकलवाला, अंबाजोगाई
नाही काका, मुळीच नाही. हे लेकरांच्या तापाचं चाललंय. तुमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

दोन लेकरांची आई, हिंगोली
आम्ही पॅरासिटामॉलनं ताप हटला नाही की पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही औषधं एकत्र असलेलं सिरप देतो. ॲस्पिरिन नसलं म्हणजे झालं, बाकी सगळं चालतं.

सिस्टर, परभणी
ताई, ॲस्पिरिन टाळता ते बरोबर, पण 'बाकी सगळं' नाही. त्या सिरपात आयब्युप्रोफेन असतं. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, त्यात आयब्युप्रोफेननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. गेल्या भाद्रपदात वॉर्डात एक लेकरू आलं, वजन १२ किलो. घरी ते सिरप चालू होतं आणि वरून साधं पॅरासिटामॉलही, म्हणजे पॅरासिटामॉल दोनदा जात होतं. तपासणीत डेंग्यू निघाला. आम्ही सिरप थांबवलं, फक्त पॅरासिटामॉल ठेवलं.

त्याचा हिशोब वजनावर चालतो: किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे या लेकराला एका वेळी १८० मिग्रॅ. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर साडेतीन मिलीच्या आसपास, १२५ असेल तर सात. चमच्यानं नको, सिरिंजनं मोजा. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्या, दिवसात चारच्या वर नको.

बाप माणूस, जालना
आमच्या पोराचा कान दुखत होता, ताप होता. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेनच दिलं. पोरगं रात्रभर झोपलं. मग ते वाईट कसं?

सिस्टर, परभणी
वाईट नाही. कानाच्या, दाताच्या दुखण्यात त्याचा असर चांगला, टिकतोही जास्त वेळ. पण लेकरू सहा महिन्यांपेक्षा मोठं असावं, पाणी पीत असावं. उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी आटलं असलं तर ते किडनीवर येतं. कांजिण्यांतही देऊ नये.

बाप माणूस, जालना
आणि डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली तर?

सिस्टर, परभणी
एका निगेटिव्हवर आमचे डॉक्टर विसंबत नाहीत. साथीच्या दिवसांत तापाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉलच ठेवतात.

गोदाकाठ, नांदेड
आमचे डॉक्टर मात्र निगेटिव्ह आली की आयब्युप्रोफेन लिहितात. अजून कोणाकडं काय करतात?