शब्दचर्चा: '40+5' मधल्या '+' ला मराठीत काय लिहावं?

वायरवाली (सांगली)

आमचं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेल दुकान आहे. तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ इकडच्या साठेक दुकानदारांना माल जातो. तांब्याचा भाव हलला की कंपनी वायरीची नवी लिस्ट काढते आणि मग आम्ही आमच्या डीलरांना परिपत्रक पाठवतो. आजवर कंपनीच्या इंग्रजी पत्रकाची झेरॉक्सच पाठवायचो. या वेळी मी मराठीत लिहिलं, ते असं:

"नवीन दर 5 तारखेपासून लागू. लिस्टवर 40+5 सूट. जुनी स्कीम 5 तारखेपर्यंत."

पुढचे तीन दिवस मी फक्त फोन घेत होते. जतकडच्या एका डीलरनं यंदाच इलेक्ट्रिकलचं दुकान टाकलंय, आधी त्यांचा किराणा होता. त्यांनी 45 टक्के धरून एका बांधकामाला 50 बंडलांचा भाव देऊन टाकला. बंडलाची लिस्ट 2000. त्यांनी 1100 धरले, आमचं बिल गेलं 1140 नं. म्हणजे 2000 रुपयांचा फरक. ते म्हणाले, "वहिनी, अधिक म्हणजे बेरीजच की. शाळेत तेच शिकवलं." त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना, फरक आम्हीच सोसला.

तर या '+' ला मराठीत काय लिहायचं? 'अधिक', 'वर', 'नंतर', की 'पुन्हा वजा'?

शब्दवेडा

आधी वाक्यातलं इंग्रजी काढा, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल. होलसेल म्हणजे घाऊक, डीलर म्हणजे विक्रेता, लिस्ट म्हणजे दरपत्रक, स्कीम म्हणजे योजना. आणि 'सूट' कशाला? आपल्याकडे 'वटाव' हा नेमका व्यापारी शब्द आहे. माझ्या आजोबांच्या वहीत पानोपानी 'वटाव' आणि 'कसर' दिसतात.

जुनी_वही

एकतीस वर्षं बिलिंगला आहे म्हणून सांगतो. इथे घोटाळा इंग्रजी शब्दांनी केलेला नाही. 'स्कीम' जतच्या दुकानदाराला कळते. 'योजना' म्हटलं तर तो घरकुल योजना की काय म्हणून विचारेल.

घोटाळा चिन्हाचा आहे. 2000 तून 40 टक्के गेले, राहिले 1200. पुढचे 5 टक्के या 1200 वर, म्हणजे 60. राहिले 1140. दुसरी सूट उरलेल्या रकमेवर बसते. आधी 5 काढा आणि मग 40 काढा, तरी 1140 च येतात. करून बघा.

शब्दवेडा

मग सरळ 43 टक्के का लिहीत नाही? 2000 वर 860 म्हणजे 43 च झाले.

जुनी_वही

कारण दोन्ही सुटी वेगवेगळ्या आहेत. 40 हा डीलरचा कायमचा हिस्सा, आणि 5 ही त्या महिन्याची स्कीम. पुढच्या महिन्यात 5 निघून जातील, 40 राहतील. 43 लिहिलंत तर पुढच्या महिन्यात "तुम्ही माझं मार्जिन कापलं" म्हणून भांडण होईल. शिवाय ते 5 आम्हाला कंपनीकडून क्रेडिट नोटनं परत घ्यायचे असतात, म्हणून बिलावर ते वेगळे दिसावे लागतात.

किराणा_कोपरा (निपाणी)

मला वाटतं ते किराणावाले होते यातच सगळं आलं. आमच्याकडं '+' म्हणजे खरंच बेरीज. साबणाला '10+1' असतं. दहा पेट्या घेतल्या की अकरा घरी येतात. मी पंचवीस वर्षं ते '+' असंच वाचतोय. आम्ही त्याला 'दहावर एक' म्हणतो. माझा पोरगा परवा 'दहात एक' म्हणाला, त्याला म्हटलं, बाबा, दहात एक म्हणजे नवाचे पैसे, तसा धंदा कोण करील?

आणि 10+1 म्हणजे सरळ 10 टक्के सूट, हिशोबाला सोपं.

जुनी_वही

पहिलं अगदी खरं, आणि मला वाटतं वहिनींच्या प्रश्नाचं मूळ तेच आहे. मालाच्या स्कीममध्ये '+' म्हणजे बेरीज, सुटीच्या स्कीममध्ये '+' म्हणजे 'राहिलेल्यावर परत'. चिन्ह एक आणि रिवाज दोन.

दुसरं मात्र तपासा. अकरा पेट्या घरी येतात आणि पैसे दहाचे जातात, म्हणजे अकरातली एक फुकट. सूट 9.09 टक्के पडते, 10 नाही. पेटी 1100 ला असेल तर 11000 भागिले 11, एक पेटी पडली 1000 ला. 10 टक्के सूट असती तर 990 ला पडली असती.

किराणा_कोपरा (निपाणी)

बरोबर आहे. पेटीमागं दहा रुपये मी इतके दिवस माझ्याच हिशोबात चुकवत होतो.

भाषांतर_मीनल

मी अशा पत्रकांची भाषांतरं करते. '+' वाचताना लोक 'प्लस' म्हणतात, लिहिताना 'अधिक' आणि ऐकणारा बेरीज करतो. मी असं लिहिते: "लिस्टवर 40 टक्के वजा, उरलेल्या रकमेवर आणखी 5 टक्के वजा." लांब होतं, पण फोन येत नाहीत. 'आणखी' एकटा पुरत नाही, 'उरलेल्या रकमेवर' हवंच.

तालमीतला

'सूट' आणि 'वजा' दोन्ही एकत्र नको. "40 टक्के सूट वजा" म्हटलं तर सूटच वजा झाली!

शब्दवेडा

म्हणूनच म्हणतो 'वटाव' आणा. आणि 'कसर' सुद्धा. कसर हा कपडे खाणारा किडा. तो जसा कापड कुरतडतो तशी ही रक्कम कुरतडली जाते, म्हणून कसर.

भाषांतर_मीनल

किडा हा अर्थ आहे, पण हिशोबातली 'कसर' मुळात अरबी आहे. 'कस्र' म्हणजे मोडणे, तुकडा, अपूर्णांक. फारसीतून आपल्या दप्तरात आली. म्हणजे शुद्ध मराठी म्हणून तुम्ही जो शब्द सुचवताय तोही बाहेरचाच. मला तो आवडतो, पण 1140 चे 1139 करणाऱ्या किरकोळ घटीला. 40 टक्क्यांना कसर कोण म्हणेल?

शब्दवेडा

अरबी असला तरी चारशे वर्षं घरात राहिलेला शब्द तो. 'डिस्काउंट'शी त्याची तुलना होत नाही. 'वटाव' वापरा एवढं माझं मागणं कायम आहे.

जुनी_वही

माझ्या माहितीत 'वटाव' हुंडी वटवण्याशी जोडलेला आहे. मुदतीच्या आधी पैसे मिळाले म्हणून कापायची रक्कम. आज तो शब्द घ्यायचाच तर रोखीच्या सुटीला द्या, ज्याला आम्ही सीडी म्हणतो. लिस्टवरच्या सुटीला दिलात तर जुन्या माणसाला वाटेल की पैसे लवकर दिल्याशिवाय ती मिळणार नाही.

वायरवाली (सांगली)

'उरलेल्या रकमेवर' मी उचललं, धन्यवाद. पण खरं सांगायचं तर 40+5 चा फोन एकच होता. बाकी सगळे तारखेवर होते. 5 ला सकाळी दोन डीलरांची माणसं टेम्पो घेऊन दारात. एक म्हणतो आजपासून नवा दर, म्हणजे आज जुन्या दरानं मिळणार नाही, मग स्कीम आजपर्यंत कशी? दुसरा म्हणतो स्कीम 5 पर्यंत आहे म्हणजे आज जुना दर आहेच. दोघांच्या हातात माझंच पत्रक.

संस्कृत_शिक्षिका

ही अडचण फार जुनी आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'आङ् मर्यादाभिविध्योः'. 'आ' हे अव्यय 'पर्यंत' या अर्थी येतं तेव्हा ती सीमा सोडून की सीमेसकट, असे दोन अर्थ होतात. सोडून असेल तर मर्यादा, धरून असेल तर अभिविधी. संस्कृतनं दोन नावं तरी दिली. मराठीत दोन्हींना एकच 'पर्यंत'.

कोर्टकचेरी

कायद्यात हे ठरलेलं आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9 प्रमाणे 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सुटतो, आणि 'पर्यंत' म्हटलं की शेवटचा दिवस धरला जातो. म्हणजे तुमचा नवा दर 6 पासून, आणि जुनी स्कीम 5 धरून. काही विरोधच नाही.

भाषांतर_मीनल

ते कलम केंद्रीय कायद्यांतल्या मुदती मोजायला आहे, सांगलीतल्या दुकानाच्या पत्रकाला नाही. आणि बोलताना कुणी तसं ऐकत नाही. "15 जूनपासून शाळा" म्हटल्यावर पोरगं 15 ला दप्तर घेऊन जातं, 16 ला नाही.

कोर्टकचेरी

मान्य, ते थेट लागू नाही. पण भांडण माझ्या टेबलावर आलंच तर मी तेच काढणार.

जुनी_वही

'पासून' आणि 'पर्यंत' यांवर वाद घालण्याआधी एक बघा. 5 तारीख ही कशाची? ऑर्डर देण्याची, बिलाची, की माल उचलण्याची? खरा पैसा तिथे अडकतो. दर वाढणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी ऑर्डरींचा पाऊस पडतो. अडीचची वायर गोडाऊनला 80 बंडलं आणि ऑर्डर 300 ची. उरलेली 220 पुढच्या गाडीला येणार, ती कंपनीकडून नव्या दरानं. त्यांचं बिल कोणत्या दरानं? पत्रकात लिहिलं नसेल तर प्रत्येक डीलर जुन्याच दरानं मागतो, आणि तो हट्टी आहे असंही नाही. त्यानं ऑर्डर वेळेत दिली होती.

म्हणून 'लागू' हा शब्द एकटा कधी सोडू नये. कशाला लागू ते सांगावं. आम्ही असं लिहितो: "ज्या बिलावर 5 किंवा पुढची तारीख आहे, त्या बिलाला नवीन दर." आणि खाली: "4 तारखेला संध्याकाळी 6 वाजेपर्यंत आलेल्या ऑर्डरी जुन्या दराने, पण गोडाऊनला शिल्लक असलेल्या मालापुरत्याच. राहिलेली ऑर्डर पुढे ओढली जाणार नाही, नव्या दराने पुन्हा द्यावी."

किराणा_कोपरा (निपाणी)

'पुढे ओढली जाणार नाही' ऐकायला कडक वाटतं. आमचा सप्लायर असं लिहील तर मी दुसरीकडं बघीन.

जुनी_वही

कडक आहे खरं. पण तोंडी गोड बोलून 220 बंडलांवर भांडण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. तुम्हाला जुन्या डीलरला राहिलेल्यातली निम्मी द्यायची असतील तर तसं लिहा. फक्त सगळ्यांना एकच लिहा. जतला एक आणि विट्याला दुसरं झालं की ते एकमेकांना फोन करतातच.

वायरवाली (सांगली)

हा नवा मसुदा. आज सासऱ्यांना दाखवणार आहे.

"5 तारखेपासूनच्या बिलांना (5 तारीख धरून) नवीन दर. 4 तारखेच्या बिलांना जुना दर आणि जुनी स्कीम.
सूट: लिस्टवर 40 टक्के वजा, उरलेल्या रकमेवर 5 टक्के वजा.
उदाहरण: अडीचची वायर, बंडल 90 मीटर. लिस्ट 2000, पहिल्या सुटीनंतर 1200, दुसऱ्या सुटीनंतर 1140. जीएसटी वेगळा.
4 तारखेला संध्याकाळी 6 नंतर आलेली ऑर्डर 5 तारखेची धरली जाईल."

भाषांतर_मीनल

उदाहरणाची ओळ सगळ्यात चांगली आहे. ती पहिली घ्या. दुकानदार आधी आकडा बघतो, नियम नंतर वाचतो.

संस्कृत_शिक्षिका

'5 तारीख धरून' हा तुमचा अभिविधी. छान मराठी आहे.

शब्दवेडा

'उरलेल्या'ऐवजी 'शेष' चालेल का? आणि 'लिस्ट' अजून तिथेच आहे.

जुनी_वही

'शेष' दुकानदार 'मागील शेष' असं वाचेल, म्हणजे उधारीची बाकी. नको.

तालमीतला

विट्यात माझं दुकान आहे. एक विचारतो. रोखीच्या सुटीचे 7 दिवस बिलाच्या तारखेपासून की माल हातात पडल्यापासून? टेम्पो कधी कधी तिसऱ्या दिवशी येतो. आणि सातवा दिवस रविवार आला तर?

वायरवाली (सांगली)

ते मी लिहिलंच नव्हतं. सासरे म्हणतात बिलाच्या तारखेपासून, नवरा म्हणतो माल पोचल्यापासून. संध्याकाळी विचारून सांगते.