मदत हवी आहे: घरातल्या सगळ्या सबस्क्रिप्शनांची वर्षाची बेरीज कशी काढू?

ठाण्याचा_बाबा
आमचं चौघांचं घर: मी (वय ५२), बायको, कॉलेजातला मुलगा आणि आई. गेल्या महिन्याचं बँक स्टेटमेंट घेऊन बसलो. ओटीटीचे ४९९, गाण्यांच्या अ‍ॅपचे १७९, फोटोंच्या साठवणुकीचे १३० असे ८०८ रुपये आपोआप गेलेले दिसले. गुणिले १२, म्हणजे ९,६९६. बायको म्हणते, "एवढंच? मग जिमचे कुठे गेले?" तर (१) स्टेटमेंटमध्ये न दिसणारं कसं शोधायचं? (२) यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपेमध्ये एका नावापुढे १५,००० लिहिलंय, ते बघून छातीत धस्स झालं. (३) बंद काय करू?

रोखठोक
सोप्पं आहे. सगळे मॅन्डेट उडवा. जे बंद पडल्यावर घरात बोंब होईल तेवढंच परत चालू करा. मी दर एप्रिलला असंच करतो.

पोस्तातला_सखाराम
वर्गण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या गल्लीत तीन गणपती मंडळं आहेत आणि तिघांचीही पावतीपुस्तकं दरवर्षी जाड होतायत. नाही म्हटलं तर वर्षभर गाडी लावायला जागा मिळत नाही. ही बेरीज कोण करणार?

ठाण्याचा_बाबा
सखारामभाऊ, ती वर्गणी वेगळी. तिचं मॅन्डेट रद्द होत नाही :)

निवृत्त_खजिनदार
एका महिन्याला १२ ने गुणलंत, तिथेच गणित चुकलं. वर्षातून एकदा जाणारे पैसे त्या महिन्यात गेले नसतील तर ते दिसणारच नाहीत. मागच्या १३ महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. १२ घेतले आणि नूतनीकरण दोन-चार दिवस मागेपुढे झालं, तर नेमकं तेच निसटतं. त्यात `NACH`, `ACH`, `SI`, `mandate`, `autopay` हे शब्द शोधा. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट वेगळं काढा, आणि घरातल्या प्रत्येकाचं. मग कागदावर रोखीचे खर्च लिहा: पेपर, वाचनालय, केबल. ते बँकेला माहीतच नसतात.

गुणाकार करताना पैसे किती दिवसांनी जातात ते बघा. २८ दिवसांचं रिचार्ज वर्षाला १२ नाही, १३ वेळा होतं. आठवड्याचं असेल तर गुणिले ५२.

१५,००० ची काळजी सोडा. ती त्या मॅन्डेटची कमाल मर्यादा आहे. तेवढ्या रकमेपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, म्हणून बरेच जण तोच आकडा टाकून ठेवतात. खरे किती जातात ते व्यवहारांच्या यादीतच दिसेल. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, तेव्हा जुने एसएमएस चाळा.

आणि रोखठोक, तुमची युक्ती ओटीटीला चालेल. पण बँकेतून दरवर्षी ४३६ रुपये जातात ती जीवनज्योती विमा योजना आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना त्यात उडवलीत, तर घरात बोंब होणार नाही. ती होईल तेव्हा उशीर झालेला असेल. जीवनज्योतीत पन्नाशीनंतर नव्याने नाव घालता येत नाही, आणि नव्याने शिरलेल्याला पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू आला तर दावा मिळत नाही. धाग्याचे मालक ५२ चे आहेत.

रोखठोक
विम्याचं मान्य. बाकी माझं म्हणणं तेच.

कुंदा_नाशिक
माझा अनुभव लिहिते. इंग्रजी शिकवणारं एक अ‍ॅप कंटाळून फोनवरून काढून टाकलं. पाच महिने पैसे जात राहिले! अ‍ॅप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं असं नसतं. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` मध्ये जाऊन बंद करावं लागलं. तिथे नाव नसेल तर अ‍ॅपने थेट यूपीआयवर मॅन्डेट घेतलेलं असतं. ते ज्या यूपीआय अ‍ॅपातून दिलं त्याच्या ऑटोपेमध्ये शोधा. घरातल्या ज्येष्ठांचे फोन आधी बघा हो.

ठाण्याचा_बाबा
कुंदाताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आईचा फोन हातात घेतला. पंचांग-राशिभविष्याचं एक अ‍ॅप. दिवाळीत १ रुपयात "ट्रायल" घेतली होती, तेव्हापासून दर आठवड्याला ९९. सूचना येत होत्या, पण इंग्रजीत, आणि आई म्हणते "बँकेचे मेसेज मी वाचतच नाही." २२ आठवडे, २,१७८ रुपये, पेन्शनच्या खात्यातून. वर्षाचे ५,१४८ झाले असते.

बाकी सापडलं ते असं. बायकोच्या क्रेडिट कार्डावर दुसऱ्या ओटीटीचे वार्षिक १,४९९, आणि कार्डाची स्वतःची फी जीएसटीसह १,१७९. जिम १२,०००. पाण्याच्या फिल्टरचा देखभाल करार ४,२००. पेपर आणि वाचनालय मिळून महिना ५३०, रोख, म्हणजे ६,३६०. विम्याचे ४५६. आधीचे ९,६९६ धरून एकूण ४०,५३८.

निवृत्त_खजिनदार
आता तो १,४९९ वाला ओटीटी तुमच्या ब्रॉडबँडच्या किंवा मोबाइलच्या प्लॅनमध्ये फुकट आहे का ते बघा. हे दुहेरी पैसे फार घरांत जातात.

महिन्याचं ओटीटी पैसे कापल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द करा. बहुतेक ठिकाणी भरलेला महिना संपेपर्यंत ते चालू राहतं, आणि पुढचे पैसे विसरून जाण्याची भीती उरत नाही. परत हवं तेव्हा परत घ्या.

जिमचं वेगळं. हप्त्याचा करार असेल तर मॅन्डेट रद्द करून करार संपत नाही, उलट थकबाकी दाखवतात. तिथे लेखी कळवून पोच घ्या. तुम्ही एकरकमी भरलेत, तेव्हा प्रश्न फक्त पुढच्या वर्षाचा.

ठाण्याचा_बाबा
काका, १,४९९ वाला खरंच ब्रॉडबँडमध्ये निघाला! तो गेला. आईचं मॅन्डेट रद्द केलं. ४९९ वालं वर्षातून तीनच महिने घ्यायचं ठरलं, म्हणजे ४,४९१ वाचले. तिन्ही मिळून ११,१३८. जिमच्या हजेरीत माझं नाव वर्षात ३० वेळा आहे, म्हणजे एका खेपेला ४०० रुपये. मी सोडायचं म्हणतोय, बायको म्हणते सोडलंस की ३० सुद्धा जाणार नाहीस. हा वाद चालू आहे.

फोटोंचे १३० बंद केले तर फोटो उडतील का?

कुंदा_नाशिक
हो, लगेच! माझ्या भाच्याचे गेले.

निवृत्त_खजिनदार
गूगलचं असेल तर लगेच नाही जात. फुकटची १५ जीबी मर्यादा ओलांडलेली राहिली की नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं थांबतं. दोन वर्षं तसंच राहिलं तर मात्र ते सामान काढून टाकू शकतात. म्हणजे आधी फोटो हार्डडिस्कवर उतरवा, चार उघडून बघा, मग बंद करा. भाच्याचं दुसऱ्या कंपनीचं असेल, तिथले नियम मला ठाऊक नाहीत.

रोखठोक
आणि फिल्टरचा करार? आमच्याकडे करार नाही, बिघडला की माणूस बोलावतो. स्वस्त पडतं.

निवृत्त_खजिनदार
पाण्यावर आहे. बोअरचं असेल तर मेम्ब्रेन लवकर जातं आणि करार परवडतो. पण करारात मेम्ब्रेन धरलंय की फक्त माणसाची खेप, ते वाचल्याशिवाय कोणाचं बरोबर हे सांगता येणार नाही.

ठाण्याचा_बाबा
करार सापडत नाहीये, शोधतो. आईच्या २,१७८ साठी अ‍ॅपवाल्यांना मेल केलाय, आठ दिवस झाले, उत्तर नाही. असे पैसे कोणाला परत मिळालेत का?