रेघ हळू का उतरते?

«मागील सहा स्प्रिंटची व्हेलॉसिटी १८, २६, २१, ३०, १९, २४ आहे आणि १८४ पॉइंट शिल्लक आहेत. बर्नडाउनची रेघ मात्र स्प्रिंटमागे १८नेच उतरते. आठ स्प्रिंटनंतरची तारीख ग्राहकाला कळवू का?»

माझ्या मते कळवू नये. सरासरी २३ पॉइंट पूर्ण होत असताना रेघ १८नेच उतरते, याचा अर्थ दर स्प्रिंटला साधारण ५ पॉइंटची भर बॅकलॉगमध्ये पडत आहे, मग ती नव्या स्टोरींची असो वा जुन्यांचे अंदाज वाढवल्याची. साध्या बर्नडाउनमध्ये ही भर वेगळी दिसत नाही आणि टीम मंदावल्याचा गैरसमज होतो. म्हणून एकूण कामाची रेघ स्वतंत्र दाखवणारा बर्नअप आधी काढावा.

१८४ भागिले १८ केल्यास अकरावा स्प्रिंट लागतो. सर्वांत कमी तीन स्प्रिंटची सरासरी सुमारे १९.३ येते. त्यातून ५ वजा केल्यास १४.३ उरतात आणि त्या वेगाने १८४ पॉइंटना तेरा स्प्रिंट लागतात. त्यामुळे ग्राहकाला एकच तारीख न देता अकरा ते तेरा स्प्रिंट असा पल्ला सांगावा आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर तो नव्याने काढावा. भर थांबवण्याचे ग्राहकाने लेखी मान्य केले, तरच आठचा आकडा विचारात घेता येईल, आणि तोही केवळ सरासरी टिकली तर.