घुमटाच्या रिव्हर्बमधला पत्र्याचा नाद

«घुमट या वाद्याच्या रेकॉर्डिंगवर रिव्हर्बसाठी ३०, ४०, ५०, ६० मिलिसेकंद विलंबाचे चार समांतर कोंब फिल्टर आणि पुढे दोन ऑल-पास फिल्टर लावले. थाप पडली की पत्रा वाजल्यासारखं का होतं?»

दोष ऑल-पासचा नाही, विलंबांचा आहे. ३० मिलिसेकंदांचा कोंब दर ३३.३ हर्ट्झला शिखर देतो, ४० चा दर २५ ला. तुमच्या चारही कोंबांची शिखरं १००, २००, ३०० हर्ट्झवर एकत्र येतात आणि तोच सूर घुमत राहतो. ऑल-पास प्रतिध्वनी दाट करतो, शिखरं मात्र तशीच ठेवतो.

डिजिटल रिव्हर्बची ही रचना मांडणाऱ्या श्रोडरचे २९.७, ३७.१, ४१.१, ४३.७ मिलिसेकंद हे विलंब घ्या. दोन सेकंदांच्या घुमण्यासाठी पहिल्याचा फीडबॅक ०.९०, शेवटच्याचा ०.८६ ठेवा. सगळ्यांना एकच आकडा दिलात, तर लांब विलंबाचा कोंब शेवटी एकटाच वाजत राहतो.