मदत हवी आहे: गॅमा टेबल टाकूनही एलईडीच्या खालच्या पायऱ्या सारख्या दिसत नाहीत

चिराबाजार
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रात्री उठल्यावर त्यांना प्रखर दिवा सहन होत नाही, म्हणून पलंगाशेजारी मंद होणारा दिवा करतोय. गोल फिरणारं बटण आहे, टोकापासून टोकापर्यंत ३२ पायऱ्या. आधी सरळ मोजून पीडब्ल्यूएम दिला तर पहिल्या पाच-सहा खटक्यांतच भसकन उजेड, पुढे फिरवत राहा, फरक कळतच नाही. मग २.२ गॅमाचं टेबल टाकलं. वरचा भाग छान झाला, पण खाली घोळ आहे. पहिल्या काही खटक्यांना काहीच लागत नाही, मग एकदम लागतो, मग पुढच्याला दुप्पट झाल्यासारखा वाटतो. बाबांना नेमका तोच खालचा भाग हवा आहे. टेबल तपासलं, बरोबर आहे. काय करू? जरा लवकर सांगा.

वसुधा_डोंबिवली
बोर्ड कोणता? कुठली पिन? एलईडी एकच आहे की पट्टी? मध्ये ट्रान्झिस्टर आहे का? आणि टेबलमधले पहिले सात आकडे इथे टाका. "बरोबर आहे" यावरून काही कळत नाही.

ग्रँटरोड_लोकल
मॉसफेट बदला. आयआरएफझेड ४४ एन लावला असेल तर तो ५ व्होल्टला पुरता उघडत नाही. लॅमिंग्टन रोडला जाऊन लॉजिक लेव्हलचा मागा. माझ्या तीन कामांत हेच निघालं.

मुलुंडकर
याच विषयावर: आमच्या हॉलमध्ये ९ वॉटचा एलईडी बल्ब आहे, तो पंख्याच्या रेग्युलेटरवर लावला तर लुकलुकतो. गॅमा टेबल तिथे कसं घालायचं?

चिराबाजार
ऊनो, पिन ९. १२ व्होल्टची पट्टी, साधारण हातभर, पिवळसर पांढरी. मॉसफेट झेड ४४ च आहे. टेबल:

```
0, 0, 0, 1, 2, 4, 6, ...
```

`analogWrite` वापरतोय. मॉसफेट बदलायलाच हवा का? पूर्ण उजेडाला पट्टी व्यवस्थित प्रखर लागते आणि मॉसफेट गरमही होत नाही.

वसुधा_डोंबिवली
मग या कामासाठी मॉसफेट बदलू नका. ग्रँटरोड म्हणतात ते मोठ्या करंटला खरं आहे. हातभर पट्टीला झेड ४४ बहुतेक पुरतो, आणि पुरत नसता तर त्रास वरच्या टोकाला दिसला असता.

तुमचं दुखणं आकड्यांतच दिसतंय. ३१ पैकी दुसऱ्या पायरीचं गणित केलं तर २५५ पैकी ०.६१ येतं आणि तिसरीचं १.४९७. तुमचा कोड दशांश छाटतो, म्हणून दुसरी शून्य झाली आणि तिसरी १. पुढे १ वरून २ म्हणजे उजेड दुप्पट, २ वरून ४ म्हणजे पुन्हा दुप्पट. आठ बिटांत १ आणि २ च्या मध्ये जागाच नाही, म्हणून टेबल कितीही अचूक केलं तरी तळाला उड्या राहणारच. छाटण्याऐवजी जवळच्या पूर्णांकाला नेलंत तर 0, 0, 1, 1, 3, 5, 7 येईल. तेही तिथेच अडकतं.

पण यामागे दुसरंही काही असावं अशी शंका आहे. अंधार करून हे तीन वेगवेगळे लिहून बघा आणि काय दिसलं ते सांगा:

```
analogWrite(9, 1);
analogWrite(9, 2);
analogWrite(9, 3);
```

१ ला पट्टी अगदी बारीक का होईना लागली, तर दोष फक्त टेबलचा. अजिबात लागली नाही, तर पिनमधून येणारा विजेचा बारीक झोत तुमचं सर्किट गिळतंय.

निवृत्त_वीजमंडळ
मी चाळीस वर्षं दिवे पाहिले आहेत. डोळा लॉगरिदमिक असतो, हे शाळेत शिकवतात. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट ठेवा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आठ पायऱ्या पुरेशा आहेत. एवढ्या मंद दिव्याला ३२ पायऱ्या कशाला?

वसुधा_डोंबिवली
काका, फार मोठ्या पल्ल्यासाठी लॉगचं म्हणणं धरून चालता येईल. पण दिव्याच्या या पल्ल्यात डोळ्याचं वागणं घातांकाच्या जास्त जवळ जातं. निम्म्या ड्यूटीला पट्टीचा उजेड खरोखर निम्मा असतो, तरी २.२ च्या हिशेबाने तो डोळ्याला साधारण ७३ टक्के भासतो. दुपटीच्या टेबलात वरच्या तीन-चार पायऱ्यांमध्ये फार मोठी दरी पडते. आणि त्यांच्या वडिलांना खालचा भाग बारीक हवा आहे, आठच पायऱ्यांत तो तितका बारीक होत नाही.

निवृत्त_वीजमंडळ
दुपटीने केलेले दिवे लोकांना आवडलेले मी पाहिलेत. डोळ्याला बरं दिसतं ते खरं. असो.

चिराबाजार
तपासलं. १ ला काहीच नाही. २ ला दिसेल न दिसेल इतका. ३ ला नीट लागतो.

वसुधा_डोंबिवली
पिन ९ आणि गेटच्या मध्ये रेझिस्टर केवढा आहे?

चिराबाजार
१० के. इंटरनेटवरच्या चित्रात होता तसा.

वसुधा_डोंबिवली
हेच ते. गेट म्हणजे छोटा कपॅसिटर. झेड ४४ चा साधारण दीड नॅनोफॅरडचा. १० के मधून तो भरायला अंदाजे १५ मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या पिन ९ वर `analogWrite(9, 1)` चा झोत फक्त ८ मायक्रोसेकंदांचा आहे. गेट जेमतेम २ व्होल्टपर्यंत चढतं, मॉसफेट उघडण्याआधीच झोत संपतो. २ ला १६ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणून किंचित दिसला. म्हणजे आठ बिटांच्या उडीवर सर्किटने आणखी एक पायरी खाल्ली.

पिन आणि गेटच्या मध्ये १५० ओहम लावा. तो १० के फेकू नका, गेटपासून ग्राउंडला लावा, म्हणजे बोर्ड चालू होताना पट्टी चमकणार नाही.

ग्रँटरोड_लोकल
बघा, मी मॉसफेटजवळच दोष आहे म्हटलं होतं. पण १५० ओहमने पिनवर ताण येत नाही का? मी नेहमी १ के लावतो आणि चालतं.

वसुधा_डोंबिवली
५ व्होल्ट भागिले १५० म्हणजे सुमारे ३३ मिलिअँपिअर, तेही क्षणभरच. पिनची कमाल मर्यादा ४० आहे. साध्या `analogWrite` ला १ के चालेल, पण आता झोत आणखी बारीक करायचे आहेत.

चिराबाजार, आता बिटांचं बघू. पिन ९ टायमर १ वर आहे आणि तो १६ बिटांचा आहे. `analogWrite` त्यातले आठच वापरतं. आपण १३ घेऊ, म्हणजे २५५ ऐवजी ८१९१:

```
pinMode(9, OUTPUT);
TCCR1A = _BV(COM1A1) | _BV(WGM11);
TCCR1B = _BV(WGM13) | _BV(CS10);
ICR1 = 8191;
OCR1A = 0;
```

याने वेग साधारण ९७७ हर्ट्झ राहतो, तुमच्या आताच्या ४९० च्या दुप्पट. ही फेज करेक्ट पद्धत मुद्दाम घेतली आहे. फास्ट पीडब्ल्यूएम घेतलीत तर `OCR1A` शून्य केल्यावरही टायमर दर फेरीला एक सुईसारखा झोत सोडतो आणि गेट वेगवान असेल तर अंधारात पट्टी पूर्ण विझलेली दिसत नाही. सर्वो लायब्ररी याच टायमरवर चालते, या कोडबरोबर ती लावू नका.

टेबल मात्र गॅमाऐवजी सीआयईच्या सूत्राने करा:

```
L = 100.0 * i / 31;
Y = (L <= 8) ? L / 903.3 : pow((L + 16) / 116, 3);
tbl[i] = round(Y * 8191);
```

सुरुवात 0, 29, 59, 89, 127, 174, 232 अशी येईल. २.२ गॅमाने ती 0, 4, 20, 48, 91, 148, 221 येते. गॅमाची पहिली पायरी म्हणजे अर्ध्या मायक्रोसेकंदाचा झोत. १५० ओहमवरही तो नीट उमटेल याची खात्री देता येत नाही. सीआयईची पहिली पायरी साडेतीन मायक्रोसेकंदांहून थोडी जास्त आहे, ती आरामात उमटते.

अंधेरी_पूर्व_मेकर
मला हे पटत नाही. सीआयईच घ्यायचं तर १३ बिट कशाला? आठ बिटांतही त्याचे आकडे 1, 2, 3, 4, 5, 7 असे येतात. एकही पायरी शून्य नाही, एकही आकडा दोनदा नाही. टायमरच्या रजिस्टरांशी खेळण्यापेक्षा रेझिस्टर बदला, टेबल बदला, संपलं.

वसुधा_डोंबिवली
फक्त ३२ खटके हवे असतील तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी आधी लिहायला हवं होतं. पण एका खटक्यावरून दुसऱ्यावर दिवा हळूच सरकावा असं वाटलं, तर आठ बिटांत ३ आणि ४ च्या मध्ये थांबायला काही नाही.

चिराबाजार
हळूच सरकायला हवाच, बाबा दचकतात. रेझिस्टर बदलला, १३ बिटही केले. आता वेगळंच झालंय! सहाव्या खटक्यापर्यंत सुंदर चढतो, सातव्याला एकदम खाली पडतो, मग पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. आणि शेवटच्या टोकालाही दिवा मंदच आहे.

अंधेरी_पूर्व_मेकर
म्हणून म्हणत होतो, रजिस्टरांच्या नादी लागू नका.

वसुधा_डोंबिवली
रजिस्टरं ठीक आहेत. सातवा आकडा ३०१ आहे. त्यातून २५६ गेले की ४५ उरतात, म्हणून दिवा पडला. तुम्ही टेबल `PROGMEM` मध्ये ठेवून जुन्याच `pgm_read_byte` ने वाचत असणार. तो फक्त खालचा बाइट उचलतो, म्हणून ८१९१ पैकी २५५ च्या वर काही जातच नाही. टेबल `uint16_t` आहे ना ते पाहा आणि असं वाचा:

```
OCR1A = pgm_read_word(&tbl[i]);
```

चिराबाजार
होय, `pgm_read_byte` च होतं. बदललं, झालं! सगळे ३२ खटके वेगळे दिसतात आणि पहिला खटका तर समईच्या वातीइतका मंद आहे. आता सरकवण्यासाठी जुन्या `OCR1A` पासून नव्यापर्यंत एकेक वाढवत नेऊ ना?

वसुधा_डोंबिवली
तसं नको. वरच्या दोन खटक्यांत सातशेच्या आसपास अंतर आहे आणि खालच्या दोनांत तीस. एकेकाने गेलात तर वरचा बदल रेंगाळेल आणि खालचा झटकन होईल. खटक्याचाच आकडा अपूर्णांकात सरकवा, समजा ४.० पासून ५.० पर्यंत सोळा तुकड्यांत, आणि दर तुकड्याला टेबलमधल्या शेजारच्या दोन आकड्यांच्या मधली किंमत काढा. मग सगळीकडे सरकायला सारखाच वेळ लागेल.

अंधेरी_पूर्व_मेकर
९७७ हर्ट्झला मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे दिसतील, हे सांगून ठेवतो.

चिराबाजार
बाबांना व्हिडिओ काढायचा नाहीये. डोळ्याला लुकलुकताना दिसत नाही ना, एवढंच हवं.

अंधेरी_पूर्व_मेकर
नजर झपकन फिरवली की मला १००० हर्ट्झलाही तुटक रेघ दिसते. ११ बिट घेतले तर वेग चौपट होईल आणि पहिली पायरी ७ येईल. दोन्ही करून बघा.

वसुधा_डोंबिवली
ते करून बघण्यासारखं आहे, पण मग पहिला झोत एक मायक्रोसेकंदाच्याही खाली जाईल. अंधारात पहिले तीन खटके नीट बघा आणि मगच कायम करा.

मुलुंडकर
माझ्या बल्बचं कोणी सांगेल का?

ग्रँटरोड_लोकल
मुलुंडकर, बल्बच्या खोक्यावर डिमेबल लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलं नसेल तर तो रेग्युलेटरवरून काढून साध्या स्विचवर लावा, आत सर्किट असतं त्याला कापलेली लाट झेपत नाही. टेबलबिबल तिथे चालत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.